यादीची कविता : क्रम आणि गाळलेल्या जागा

वस्तूंची नावे एकापुढे एक मांडत जाणाऱ्या कवितेला यादीची कविता म्हणता येईल. अशा कवितेत भाष्य जवळजवळ नसते. कोणती वस्तू कोठे ठेवली आणि कोणती वगळली, यांतूनच अर्थ घडतो. जर्मन कवी गुंटर आइश (१९०७–१९७२) यांची १९४७ साली प्रसिद्ध झालेली ‘इन्व्हेंटूर’ ही कविता याचे नेमके उदाहरण आहे. दुकानातील शिल्लक मालाच्या मोजदादीला जर्मन भाषेत हा शब्द वापरतात. कवितेतील मोजदाद मात्र एका युद्धकैद्याच्या चीजवस्तूंची आहे. आइश स्वतः दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या कैदेत होते.

आरंभी टोपी, कोट आणि दाढीचे सामान येते. ही केवळ नोंद आहे. पुढे पत्र्याचा डबा येतो. तोच ताट, तोच पेला. त्यावर खिळ्याने नाव कोरलेले. तो खिळा इतका मोलाचा, की तो इतरांच्या नजरेपासून लपवावा लागतो. नंतर झोळी, अंगाखालचा पुठ्ठा आणि पेन्सिलीचे शिसे. सर्वाधिक आवड या शिशाची, कारण रात्री सुचलेल्या ओळी ते दिवसा लिहून देते. शेवटी वही, तंबूचे कापड, पंचा आणि दोरा.

पेन्सिलीचे शिसे अखेरीस असते, तर कविता काव्याच्या गौरवावर संपली असती. ते मध्ये ठेवून कवी पुन्हा कोरड्या नोंदीकडे वळतो. प्रेम एका नोंदीपुरते डोकावते आणि मोजदाद पुढे चालू राहते. शेवटचा दोरा फाटलेले सांधण्याच्या कामाचा आहे. पण तसे कवी सांगत नाही.

गाळलेल्या जागा दोन प्रकारच्या आहेत. पहिली उघड आहे : झोळीत लोकरी मोजे आहेत आणि आणखी काही, जे कोणालाही सांगायचे नाही. सारे काही गमावलेल्या माणसाने राखलेला हा एवढाच खासगी कोपरा. दुसरी जागा मूक आहे. युद्ध, पहारेकरी, घर, पत्र, छायाचित्र यांपैकी काहीच यादीत नाही. तरीही जमीन आणि देह यांच्यामधला पुठ्ठा छावणीचे सारे वर्णन करतो.

मात्र यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट अर्थपूर्ण ठरत नाही. यादीचा विषयच जिची अपेक्षा निर्माण करतो, तिचीच अनुपस्थिती बोलते. सैनिकाच्या सामानात घरच्या पत्राची अपेक्षा असते, म्हणून त्याचा अभाव जाणवतो.

या मौनाला दुसरी बाजूही आहे. नाझी राजवटीच्या काळात आइश यांची नभोनाट्ये प्रसारित होत होती. ‘माझे’ म्हणून मोजलेल्या वस्तूंत त्या भूतकाळाचा मागमूस नाही. त्यामुळे ही यादी सर्वस्व गमावल्याचा दाखला ठरते, तशीच जबाबदारीला बगल देणारीही ठरू शकते. दोन्ही वाचनांना आधार एकच आहे : न लिहिलेली नोंद.