मरणोन्मुख राजकन्या आणि प्रेक्षकाची करुणा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वींचें औरंगाबाद, या जिल्ह्यांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. त्यांतील 16 वें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोरविलें. त्याच्या भिंतीवर एका स्त्रीचें चित्र आहे. तिची मान कलली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, गात्रें शिथिल झालीं आहेत. सभोंवतीं सख्या व्याकुळ होऊन तिला सांवरीत आहेत. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं 1872 ते 1885 या काळांत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या. या चित्रांतील करुणरसाची, आणि त्याची कथा किती निःसंदिग्धपणें उमगते याचीही, त्यांनीं मनापासून स्तुति केली. चित्राचें नांव पडलें ‘मरणोन्मुख राजकन्या’.

पुढें अभ्यासकांनीं अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याशीं चित्र ताडून पाहिलें, तेव्हां निराळेंच निष्पन्न झालें. ही बुद्धाचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. चेहऱ्यावरचा ओला लेप वाळण्यापूर्वीं परत येतों, असें सांगून नंद गेला आणि भिक्षु झाला. चित्रांत सेवक त्याचा मुकुट घेऊन उभा आहे. तो पाहून ती कोसळली आहे. ती मरत नाहीं. म्हणजे जिच्या मृत्यूनें प्रेक्षक हळहळले, ती राजकन्या जगांत तर नव्हतीच, पण चित्रकाराच्या कथेंतही नव्हती. मग ती करुणा कोणाविषयीं होती?

1975 सालीं कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञानें हाच प्रश्न टॉल्स्टॉयच्या ॲना कॅरेनिनाविषयीं मांडला. दुःख व्हावयास तें माणूस खरोखर आहे अशी समजूत हवी. काल्पनिक पात्राविषयीं तशी समजूत नसते. तरीही दुःख होतें. हीं तीन विधानें एकत्र नांदूं शकत नाहींत. एखाद्यानें आपल्या बहिणीच्या हालांची कथा सांगितली आणि मग ‘मला बहीणच नाहीं’ म्हटलें, तर ऐकणाऱ्याची कींव तत्काळ विरते. म्हणून आपलें हें दुःख विसंगत आहे, असा रॅडफर्ड यांचा निष्कर्ष.

परंतु भारतीय विचारानें हें कोडें फार पूर्वींच हातीं घेतलें होतें. काश्मीरच्या श्रीशंकुकानें चित्रांतील घोड्याचा दृष्टांत दिला. त्यास पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतों. हें खरें ज्ञान नव्हे. भ्रम नव्हे, कारण कोणी त्यावर बसावयास जात नाहीं. संशय नव्हे आणि केवळ सादृश्यज्ञानही नव्हे. नटाला राम मानणें त्याच जातीचें. अभिनवगुप्तानें मात्र हरकत घेतली कीं, नटाच्या ठायीं शोक आहे असें नुसतें अनुमान केल्यानें आस्वाद उत्पन्न होत नाहीं.

मराठींत 1921 च्या बडोदें साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर यांनीं ‘सविकल्प समाधि’ची कल्पना मांडली. योगांतील निर्विकल्प समाधींत ‘मी’ उरत नाहीं, सविकल्प समाधींत उरतो. तसाच वाचक पात्राशीं एकरूप होतो, पण आपली भूमिका सोडीत नाहीं; या दुहेरीपणांत आनंद आहे. यानें प्रेक्षक रडतो तरी उठून वैद्याला कां बोलावीत नाहीं, हें नीट समजतें. उणीव दुसरीकडे आहे. सुंदरीला विरह जाळतो, पाहणाऱ्याला तिची दया येते. दोन भावना एकच नाहींत. दुष्ट पात्राशीं तर कोणी एकरूप होऊं इच्छीत नाहीं, तरी त्याचें कृत्य पाहून अंगावर कांटा येतो.

तेव्हां रॅडफर्ड यांच्या पहिल्या विधानाकडेच वळावें लागतें. भावनेला समजूत लागतेच असें नाहीं. स्पष्ट कल्पनाही पुरते. कड्याच्या टोंकावर कठड्यामागें सुरक्षित उभा असलेला माणूस पडण्याच्या नुसत्या विचारानें कांपतो. पीटर लामार्क यांनीं 1981 मध्यें अशाच धर्तीचें उत्तर दिलें.

16 वें लेणें या उत्तराची कसोटी पाहतें. बहिणीची कथा खोटी ठरली तेव्हां कींव विरली, कारण सांगणाऱ्यानें ती खरी म्हणून सांगितली होती आणि फसवणूक उघडी पडली. राजकन्या मरत नाहीं हें कळल्यावर मात्र कोणाला आपण फसलों असें वाटलें नाहीं. करुणा नष्ट न होतां तिचा विषय तेवढा बदलला, मृत्यूच्या जागीं विरह आला. भिंतीवरची कललेली मान जी होती तीच राहिली. पाहणाऱ्याच्या मनांतील कल्पना बदलली, आणि तिच्यामागोमाग भावनाही बदलली.