१ ते १०० मधील २ किंवा ३ ने विभाज्य संख्या

१ ते १०० या पूर्णांकांपैकी २ किंवा ३ यांपैकी किमान एका संख्येने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या ६७ आहेत. ही गणना समावेश-अपवर्जन तत्त्वाचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. महाराष्ट्रात या तत्त्वाचे दोन संचांपुरते सूत्र इयत्ता नववीच्या 'संच' या प्रकरणात येते.

२ ने विभाज्य संख्यांचा संच A आणि ३ ने विभाज्य संख्यांचा संच B मानू. १०० ÷ २ = ५० म्हणून A मध्ये ५० घटक आहेत. १०० ला ३ ने भागल्यास भागाकार ३३ व बाकी १ येते. बाकी सोडून द्यावी लागते, कारण ३ च्या पटीतील शेवटची संख्या ९९ आहे. म्हणून B मध्ये ३३ घटक आहेत.

५० आणि ३३ यांची बेरीज ८३ येते आणि बहुतेक चुका येथेच थांबतात. ६, १२, १८ अशा संख्या दोन्ही संचांत असल्याने त्या दोनदा मोजल्या गेल्या आहेत. छेद संचातील या संख्या ६ च्या पटीतील आहेत. त्यांतील शेवटची ९६ असून त्या एकूण १६ आहेत. त्या एकदा वजा केल्यावर प्रत्येक संख्या एकदाच मोजली जाते:

n(A ∪ B) = n(A) + n(B) − n(A ∩ B) = ५० + ३३ − १६ = ६७

गणितातील 'किंवा' मध्ये 'दोन्ही' अंतर्भूत असते. 'केवळ एकाच संख्येने विभाज्य' असे विचारले असल्यास १६ पुन्हा वजा करून उत्तर ५१ येईल.

पडताळा सोपा आहे. लागोपाठच्या कोणत्याही सहा संख्यांत अशा चार संख्या असतात. १ ते ९६ मध्ये सोळा षट्के असल्याने ६४ संख्या मिळतात. उरलेल्या चारांपैकी ९८, ९९ आणि १०० या तीन पात्र ठरतात, ९७ ठरत नाही. यावरून 'दोन तृतीयांश' हे प्रमाण घेऊन पूर्णांकात बदलण्याची पद्धत कधी फसते तेही कळते. १०० साठी ६६.६७ चे ६७ होऊन उत्तर योगायोगाने बरोबर येते; ९७ पर्यंत मात्र ६४.६७ चे ६५ होतात, प्रत्यक्षात संख्या ६४ च असतात.

छेद संचासाठी भाजकांचा गुणाकार नव्हे, लसावि घ्यावा लागतो. २ आणि ३ सहमूळ असल्याने येथे दोन्ही ६ च येतात व हा भेद लपून राहतो. ४ किंवा ६ ने विभाज्य संख्या मोजताना लसावि १२ घेतल्यास २५ + १६ − ८ = ३३ हे योग्य उत्तर मिळते; २४ घेतल्यास केवळ ४ वजा होऊन ३७ असे चुकीचे उत्तर येते.

५ हा तिसरा भाजक घेतल्यास दोन-दोनचे छेद (१६, १० व ६) वजा करताना ३० च्या पटीतील ३०, ६० व ९० या संख्या पूर्णपणे वगळल्या जातात, म्हणून त्या परत मिळवाव्या लागतात: ५० + ३३ + २० − १६ − १० − ६ + ३ = ७४. हे व्यापक रूप दानिएल दा सिल्वा (१८५४) आणि जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर (१८८३) यांच्या लेखनात आढळते.