शेतकऱ्याची हस्तलिखित वही हंगामवार तक्त्यात कशी उतरवायची?

लालबाग-परळच्या बऱ्याच घरांत गावाकडून आलेली एखादी पत्र्याची पेटी असते. त्यात रेशनकार्ड, गिरणीचे जुने कागद आणि कधीकधी शेताची वही सापडते. आमच्या पेटीत आजोबांची वही आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर ते साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात परत गेले आणि १९८३ पासून २००१ पर्यंत पेरणी, पाऊस आणि उत्पन्न लिहीत राहिले. आता तीच जमीन मामा कसतात. त्यांचा प्रश्न सरळ होता: "घेवडा मृगात पेरावा की आर्द्रापर्यंत थांबावं? वहीत बघून सांग." हा प्रश्न धरून वहीचा तक्ता कसा बनवायचा, ते या लेखात पाहू. लागणार काय, तर फोनचा कॅमेरा, एक स्प्रेडशीट आणि गावाकडचा एक माणूस, ज्याला तुम्ही फोन करून विचारू शकाल.

आधी फोटो, मग जसंच्या तसं उतरवणं

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो घ्या. फाइलला पान क्रमांकाचं नाव द्या. फोटोवरून मजकूर ओळखणारी अॅप्स मराठी छापील अक्षर बऱ्यापैकी वाचतात, पण पेन्सिलीने घाईत लिहिलेल्या वहीत ती अडखळतात. त्यामुळे हे काम डोळ्यांनीच करायचं. फोटो मोठा करून ओळ वाचा आणि टाइप करा, किंवा मोठ्याने वाचून फोनच्या व्हॉइस टायपिंगने लिहून घ्या.

इथे एक नियम कायम पाळायचा: वहीत लिहिलेलं आणि आपण लावलेला अर्थ, दोन्ही वेगवेगळ्या खान्यांत ठेवायचं. "मृग ४ दिस" असं लिहिलं असेल तर एका खान्यात "मृग ४ दिस" आणि शेजारच्या खान्यात तारीख. उद्या अर्थ बदलला तरी मूळ शब्द शाबूत राहतो.

जुन्या लिखाणात अपूर्णांकांची एक पद्धत आहे, ती माहीत नसेल तर मोठा घोळ होतो. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे १। हे सव्वा, २॥ हे अडीच आणि ३॥। हे पावणेचार. नवीन माणूस २॥ पोती हे २११ पोती वाचू शकतो. हातातल्या अक्षरात १ आणि ९ सुद्धा एकमेकांसारखे दिसतात. शंका आली तर त्याच वहीत तारखांमधले १ आणि ९ शोधा. १९८९ किंवा १९९१ असं साल लिहिलेलं असेल, तर लिहिणाऱ्याचे दोन्ही अंक शेजारी-शेजारी दिसतात.

नक्षत्रावरून तारीख

आपल्याकडे पावसाचा हिशोब सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे त्यावर चालतो. एक नक्षत्र साधारण १३-१४ दिवस टिकतं आणि दरवर्षी त्याच तारखेच्या आसपास लागतं, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. रोहिणी २५ मे, मृग ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्ट, पूर्वा ३१ ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १० ऑक्टोबर. वहीत टोपणनावंही येतील. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषा म्हणजे आसळका आणि हस्त म्हणजे हत्ती.

म्हणजे १९९९ सालच्या "मृग ४ दिस" ची तारीख अशी निघते:

```
=DATE(1999,6,8)+4-1
```

उत्तर येतं ११ जून. एक-दोन दिवसांची चूक राहू शकते, पण आपल्या प्रश्नाला ती चालते.

तिथीचं मात्र तसं नाही. मराठी महिने दरवर्षी मागे-पुढे सरकतात आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना येतो. शके १९२१ मध्ये, म्हणजे १९९९ साली, अधिक ज्येष्ठ होता. त्या वर्षी वहीत "ज्येष्ठ शु. ५" दिसलं तर तो दिवस मेच्या २० तारखेच्या आसपासचा असू शकतो किंवा जूनच्या १८ तारखेच्या. पेरणीसाठी हा महिन्याचा फरक फार मोठा. अशा वेळी त्या सालचं पंचांग किंवा कालनिर्णय शोधा आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी पाहा. आजोबांनी वरच्या ओळीत मृगाचा पाऊस लिहिला होता, म्हणून खालची तिथी जूनचीच ठरली. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातल्या नोंदीला ७९ मिळवा.

एक हंगाम, एक ओळ

तक्ता तारखेवर लावला की रब्बी मोडतं. हत्ती संपता संपता पेरलेला शाळू ऑक्टोबर १९९९ चा, आणि काढणी फेब्रुवारी २००० ची. कॅलेंडरच्या वर्षावर गेलात तर पेरणी एका वर्षात आणि धान्य दुसऱ्यात दिसेल. म्हणून ओळ ठरते ती पेरणीवरून: खरीप १९९९-००, रब्बी १९९९-००, उन्हाळी १९९९-००. पेरणीची तारीख E खान्यात असेल तर शेतीवर्षाची सुरुवात अशी काढा:

```
=IF(MONTH(E2)>=5, YEAR(E2), YEAR(E2)-1)
```

सूत्रात ५ घातलाय, कारण काही ठिकाणी पाऊस यायच्या आधी, मेअखेर धूळवाफेवर पेरणी करतात. ६ घातला असता तर ती पेरणी आदल्या वर्षात गेली असती. एकाच हंगामात दोन तुकड्यांत दोन पिकं असतील तर दोन ओळी करा. दुबार पेरणी झाली असेल तर ओळ एकच ठेवा आणि दुसऱ्या पेरणीची तारीख वेगळ्या खान्यात घाला. हिशोबाच्या खान्यांत आकडे 1, 2, 3 असेच टाइप करा, कारण देवनागरी अंकांना स्प्रेडशीट बऱ्याचदा मजकूर समजते आणि बेरीज करत नाही.

पाऊस: मिलिमीटर बनवू नका

"चांगला पडला", "भुरभुर", "ओढ्याला पाणी", "वीतभर ओल". वहीतला पाऊस असा असतो. त्याचे मिलिमीटर करण्याचा मोह टाळा. मी चारच पायऱ्या ठेवल्या: ० म्हणजे "पाऊस नाही" असं स्पष्ट लिहिलेलं, १ भुरभुर, २ जमिनीत ओल गेली, ३ पाणी वाहिलं. ज्या दिवशी काहीच लिहिलेलं नाही तो खाना रिकामा ठेवायचा, तिथे ० घालायचा नाही. आजोबा आजारी असतील, मुंबईला आले असतील किंवा त्यांना लिहायचा कंटाळा आला असेल. न लिहिलेला पाऊस म्हणजे न पडलेला पाऊस नव्हे.

जवळच्या केंद्राचा आकडा आणून रिकामी जागा भरावी, असं वाटेल. मुंबईकरांना त्याचं उत्तर २६ जुलै २००५ ने दिलेलं आहे. त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस आहे. एका शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडतो, तर तालुक्याच्या गावचा पाऊस आपल्या माळावर पडला होता असं धरता येत नाही. केंद्राचा आकडा हवाच असेल तर तो स्वतंत्र खान्यात ठेवा.

उत्पन्न: पोतं म्हणजे किती?

वहीत पोती, मण, पायली सगळं असतं. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्याही आतला. चाळीस शेरांचा मण ३७ किलोंच्या थोडा वर. आणि आज गावात कुणी मण म्हणालं की बहुतेक ४० किलो समजतात. पायली तर वजन नव्हेच, ते माप आहे. पायलीभर शाळू आणि पायलीभर भात यांचं वजन वेगळं भरतं. घरात जुनी पायली असेल तर तेच धान्य भरून काट्यावर ठेवा.

सगळ्यात भरवशाची नोंद म्हणजे बाजारात वजन झाल्याची. १९९९ च्या घेवड्यापुढे वहीत आहे: "माळ २० गुंठे. २ पोती. पट्टी १-८०." पट्टी म्हणजे अडत्याची पावती आणि १-८० म्हणजे १ क्विंटल ८० किलो. म्हणजे त्या वर्षी एक पोतं ९० किलोंचं होतं. पण ही ९० किलोंची भरती दुसऱ्या वर्षाला किंवा दुसऱ्या पिकाला लावायची नाही. एकरी उत्पन्न काढायला किलो J मध्ये आणि गुंठे I मध्ये धरून:

```
=J2/I2*40
```

१८० किलो आणि २० गुंठ्यांचं उत्तर ३६० किलो एकरी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये दिसेल. एक गुंठा जवळपास एक आर, त्यामुळे वहीतलं क्षेत्र पडताळणं सोपं जातं. फक्त सातबाऱ्यावरचं क्षेत्र पूर्ण गटाचं असतं आणि पेरलेला तुकडा त्याहून लहान असू शकतो, एवढं लक्षात ठेवा. घरी खायला आणि बियाण्याला ठेवलेलं धान्य पट्टीत येत नाही, ते वेगळं लिहिलंय का तेही पाहा.

चूक कशी पकडायची

पेरणी ते काढणीचे दिवस मोजा. घेवडा साधारण दोन-अडीच महिन्यांत निघतो. एखाद्या ओळीत पाच महिने आले तर तिथी किंवा साल चुकलंय. मग एकरी आकडे लहान-मोठे लावून पाहा. बाकी ओळींच्या दसपट आकडा दिसला तर बहुतेक उभ्या रेघा अंक म्हणून वाचल्या गेल्यात. शेवटी "खात्री" नावाचा एक खाना करा: पक्कं, अंदाज, वाचता येत नाही. तुलना करताना फक्त "पक्कं" ओळी घ्या.

मामांच्या प्रश्नाचं काय झालं?

१९ वर्षांपैकी घेवड्याच्या ११ ओळींत पेरणी आणि वजन दोन्ही पक्कं निघालं. त्यात मृग आणि आर्द्रा यांच्या एकरी आकड्यांत ठाम फरक दिसला नाही, आणि इतक्या कमी ओळींवर तसा दावा करूही नये. दुसरी गोष्ट मात्र दिसली. दुबार पेरणी तीन वर्षी झाली होती, तिन्ही वेळा पेरणी मृगातली होती आणि तिन्ही वेळा पेरणीआधी "वीतभर ओल" ही नोंद नव्हती. ती नोंद असलेल्या मृगातल्या पेरण्या टिकल्या होत्या. तीन वर्षांवरून नियम होत नाही, पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका या कृषी विभागाच्या सल्ल्याशी ते जुळतं.

मामांना मी तक्त्याची लिंक पाठवली आणि सोबत त्या तीन पानांचे फोटो. ते म्हणाले, "म्हणजे नक्षत्र बघायचं नाही, माती उकरून बघायची." यंदापासून ते पेरणीआधी ओल किती बोटं गेली ते फोनमध्ये तारखेसकट लिहिणार आहेत. तक्त्यात त्यासाठी मी एक नवा खाना जोडलाय.