एका दाराची नावे

मुलांच्या चित्रकोशासाठी घरातल्या वस्तूंची नावे जुळवायला बसलो, आणि पहिल्या दारापाशीच अडलो. नमुन्याला घेतले होते गिरगावातल्या खोताच्या वाडीतले एक जुने लाकडी दार.

चौकट, उंबरठा, फळ्या ही नावे सहज लिहून झाली. पण कडी नि कोयंडा यांत मुले हटकून घोटाळा करतात. दाराला लोंबते ती कडी. चौकटीत ठोकलेला आणि तिला अडकवून घेतो तो कोयंडा. चित्रातला बाण बोटभर सरकला, की नाव चुकलेच!

कोयंड्यात कुलूप. हे मूळचे अरबी ‘कुफ्ल’. फारसीच्या वाटेने मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली. आणि फळी जिच्यावर फिरते ती बिजागरी? ती पोर्तुगीज ‘बिसाग्रा’. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, तेव्हा असे शब्द या किनाऱ्यावर रुळले.

आता कुलपाची किल्ली. पण कोणी तिला चावी म्हणतो. चावीही पोर्तुगीजच! लिस्बनचा माणूस आज त्या शब्दात ‘श’ उच्चारतो; सोळाव्या शतकात ‘च’ म्हणत. तिकडे उच्चार पालटला, आपण जुना जपला.

मग चित्राखाली कोणता शब्द लिहायचा? एक गाळला, तर काही मुलांच्या घरातला शब्द चुकीचा ठरेल. म्हणून मी दोन्ही लिहिले: किल्ली, चावी. दार तर दोहोंनी उघडते.