पहिल्या दोन तासांचा हिशेब

२८ मार्च २०२३ रोजी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ हा गाजलेला खेळ वैयक्तिक संगणकासाठी बाजारात आला. विकत घेणाऱ्यांनी तो सुरू केला तेव्हा शेडर तयार होत असल्याची सूचना पडद्यावर आली. धीम्या संगणकांवर हे काम तासाभराहून अधिक चालल्याच्या तक्रारी आल्या. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाच्या नियमाप्रमाणे खेळ परत करून पैसे हवे असतील, तर खरेदीला १४ दिवस होण्याआधी आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून मागणी करावी लागते. शेडर तयार होण्याचा वेळही खेळण्याच्या वेळात धरला जात होता. म्हणजे खेळ न खेळताच मुदत सरत होती! हा वेळ कशात जातो आणि तो कारखान्यातच का खर्च करता येत नाही, हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९९६ च्या सुमारास घरोघरच्या संगणकांत त्रिमित चित्रांची कार्डे येऊ लागली. त्यांना ठरावीक कामेच येत. २००१ साली एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स ३’ पासून खेळ लिहिणाऱ्याला कार्डासाठी स्वतःचे छोटे प्रोग्रॅम लिहिता येऊ लागले. पाण्यावरची चमक कशी दिसावी, कातडीवर प्रकाश कसा पडावा, हे सांगणारे हे प्रोग्रॅम म्हणजेच शेडर.

अडचण अशी, की प्रत्येक घराण्याच्या कार्डाची यांत्रिक भाषा वेगळी असते. समजा, नेरूळच्या एका विद्यार्थ्याकडे एनव्हिडियाचे कार्ड आहे आणि बेलापूरच्या त्याच्या मैत्रिणीकडे एएमडीचे. दोघांनी एकच खेळ घेतला, तरी एकाकडे तयार झालेला शेडर दुसऱ्याकडे निरुपयोगी. म्हणून खेळासोबत शेडर मधल्या, अर्धवट रूपात येतो. त्याचे अंतिम भाषांतर खेळणाऱ्याच्या संगणकावर कार्डाचा ड्रायव्हर करतो. यालाच कंपाइल करणे म्हणतात.

खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. आता एखादा स्फोट प्रथमच दिसणार आहे आणि त्याचा शेडर कंपाइल व्हायला १०० मिलिसेकंद लागतात, असे धरू. तेवढ्या वेळात सहा चित्रे दाखवायची होती. ती न आल्याने पडदा क्षणभर गोठतो. खेळ अडखळला असे आपण म्हणतो ते हेच. एकदा झालेले भाषांतर डिस्कवर साठवले जाते. या साठ्याला शेडर कॅश म्हणतात. दुसऱ्या वेळी तोच स्फोट सुरळीत दिसतो. म्हणूनच त्रास मुख्यतः पहिल्या काही तासांत होतो.

२०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये वल्कन आले, तेव्हा शेडर आणि चित्र काढण्याच्या इतर सूचना यांचा एकत्र संच आधीच तयार करण्याची जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांवर आली. पूर्वी यातले बरेच काम ड्रायव्हर परस्पर सांभाळत असे. संचांची संख्या हजारांवर गेली. काही खेळांनी ते ऐन वेळी तयार केले आणि खेळ अडखळू लागले. काहींनी सगळे सुरुवातीलाच उरकायचे ठरवले. उदाहरणासाठी २०,००० संच आणि प्रत्येकास अर्धा सेकंद धरू. एकूण काम १०,००० सेकंदांचे. चार गाभ्यांच्या प्रोसेसरला त्यासाठी सुमारे ४२ मिनिटे लागतील, तर सोळा गाभ्यांच्या प्रोसेसरला साडेदहा. एकाच खेळाबद्दल खेळाडूंचे अनुभव इतके वेगळे का असतात, ते यावरून कळेल.

कॅश कायमची नसते. ड्रायव्हर बदलला किंवा खेळाची नवी आवृत्ती आली, की तिचा काही भाग किंवा सगळी कॅश पुन्हा तयार करावी लागते. शिवाय आधीच्या यादीत एखादा संच राहून गेला असेल, तर तो ऐन वेळी अडवतोच. दोष शेडरचाच आहे का, हे तपासणे सोपे आहे. त्याच जागी पुन्हा जावे. दुसऱ्या खेपेस अडखळणे नाहीसे झाले आणि ड्रायव्हर बदलल्यावर परतले, तर कारण बहुधा शेडरच. दर खेपेस तिथेच अडखळत असेल, तर अपुरी मेमरी किंवा डिस्कवरून माहिती वाचण्यातला विलंब तपासावा.

यंत्रे सारखी असतील तर मात्र भाषांतर एकदाच करून सर्वांना वाटता येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ या हातातल्या यंत्रासाठी व्हॉल्व्ह कंपनी तयार शेडर खेळाबरोबर पाठवू लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय’ या यंत्रापासून मायक्रोसॉफ्टनेही तोच मार्ग धरला. काम कमी झालेले नाही, ते फक्त खेळणाऱ्याच्या पहिल्या दोन तासांतून काढून दुसरीकडे नेले आहे. नेरूळ आणि बेलापूरच्या आपल्या दोन मित्रांची कार्डे वेगळी असेपर्यंत प्रत्येक जोडीसाठी, म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर यांच्या प्रत्येक मेळासाठी, ते स्वतंत्रपणे करावेच लागणार.