लांब केबल आणि सुरू होणारी मोटार : प्रस्तावना

कृष्णाकाठच्या एखाद्या उपसा योजनेचा नकाशा पाहिला की या पुस्तकाचा विषय रेघेतच दिसतो. पाणी खाली नदीत, जॅकवेल काठाला आणि डीपी मात्र पूररेषेच्या वर, उसाच्या दोन-तीन फडांपलीकडे. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले ते डीपी खाली आणा म्हणणार नाहीत. त्यामुळे मधले तीनशे-चारशे मीटर केबलनेच ओलांडावे लागतात. मग एखाद्या उन्हाळ्यात तक्रार येते. केबल चांगली जाड टाकली, डीपीवर व्होल्टेज मोजले तर भरपूर आहे, तरी मोटार उचलत नाही आणि स्टार्टर खडखडतो.

या तक्रारीचे उत्तर केबलच्या कोष्टकात सापडत नाही. कोष्टक सांगते ते केबल किती करंट न तापता वाहील एवढेच. लांब फीडरला मात्र तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. केबल तापेल का? मोटार चालू असताना तिच्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचेल का? आणि मोटार सुरू होत असतानाच्या काही सेकंदांत किती दाब उरेल? पहिल्या दोन प्रश्नांवर बरेच लिहिले गेले आहे. तिसरा प्रश्न बहुधा ‘करंट सहापट, म्हणून ड्रॉपही सहापट’ अशा एका गुणाकारात उरकला जातो. तो गुणाकार चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे कळले की बाकीचा विषय आपोआप उलगडतो.

उदाहरणादाखल एक योजना घेऊ. मोटार ३७ किलोवॅटची, म्हणजे ५० अश्वशक्तीची, ४१५ व्होल्टवर चालणारी. पूर्ण भाराचा करंट सुमारे ६५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८६. डीपी १०० केव्हीएची. केबल अ‍ॅल्युमिनियमची, एक्सएलपीई इन्शुलेशनची, आरमर्ड, लांबी ४०० मीटर.

पहिला प्रश्न सोपा आहे. जमिनीत पुरलेली २५ चौरस मिलिमीटरची अशी केबल आदर्श स्थितीत नव्वदीच्या आसपास अँपिअर वाहते. पण उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, तिच्यातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, आणि कोष्टकातला आकडा खाली आणावा लागतो. म्हणून एक पायरी वर जाऊन ३५ ची केबल घेतली, की तापण्याचा प्रश्न मिटला.

दुसऱ्या प्रश्नासाठी एकच सूत्र लागते.

ΔV = √3 × I × L × (R cosφ + X sinφ)

R आणि X म्हणजे केबलच्या दर किलोमीटरचा रोध आणि रिअ‍ॅक्टन्स, L किलोमीटरमध्ये. इथे रोध घेताना सावध राहावे. कॅटलॉगमधला आकडा २० अंश सेल्सिअसचा असतो, तर पूर्ण भाराने चालणाऱ्या एक्सएलपीई केबलचा वाहक ९० अंशांपर्यंत जाऊ शकतो. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा रोध सुमारे २८ टक्क्यांनी वाढलेला असतो. हा गरम रोध धरला तर ३५ च्या केबलमध्ये ४५ व्होल्ट पडतात, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. प्रकाशाव्यतिरिक्त इतर वापरासाठी आयईसी ६०३६४ या मानकात ५ टक्क्यांची मर्यादा सुचवलेली आहे. ७० ची केबल २४ व्होल्ट, म्हणजे ५.७ टक्के खाते. तीही बसत नाही. ९५ ची केबल १८ व्होल्ट खाते, ४.३ टक्के. ती बसते. तापमानाने मागितली ३५ ची आणि लांबीने मागितली ९५ ची. लांब फीडरचा स्वभाव हाच आहे.

बहुतेक अंदाजपत्रके इथे थांबतात. आपण पुढे जाऊ.

मोटार थेट लाइनवर, म्हणजे डीओएल पद्धतीने सुरू केली तर ती सुमारे सहापट, ३९० अँपिअर मागते. गुणाकारवाला म्हणेल, १८ गुणिले ६ म्हणजे १०८ व्होल्ट, चौथा हिस्सा गेला. प्रत्यक्षात केबलमध्ये याच्या साधारण निम्मेच, ५४ व्होल्ट पडतात. कारण थांबलेली मोटार ही जवळजवळ नुसती लोखंडावरची गुंडाळी असते. त्या क्षणी तिचा पॉवर फॅक्टर ०.३ च्या आसपास असतो. करंट दाबाच्या बराच मागे राहतो, आणि केबलच्या रोधात पडणारा दाब मोटारीच्या दाबातून सरळ वजा होत नाही. तो आडवा बेरजेत येतो. चालू असताना ड्रॉपमध्ये रिअ‍ॅक्टन्सचा वाटा दहावा हिस्सा होता. सुरू होताना तोच चाळीस टक्क्यांच्या जवळ जातो.

वरवर ही चांगली बातमी वाटते. पण तिच्या पोटात दुसरी बातमी आहे. केबल जाड केली की रोध कमी होतो. रिअ‍ॅक्टन्स मात्र तीन तारांमधल्या अंतरावर आणि मांडणीवर ठरतो, आणि तो ३५ पासून २४० पर्यंत किलोमीटरला ०.०७ ते ०.०८ ओहमच राहतो. म्हणजे जाडी वाढवून आपण ज्या भागावर पैसे खर्च करतो, त्याचे वजन नेमके सुरू होण्याच्या क्षणी कमी झालेले असते.

शिवाय वरचे सूत्र या क्षणासाठी ढोबळ आहे. दाब पडला की मोटारीचा करंटही घटतो, ही एक गोष्ट त्यात नाही. आणि आडवा घटक ते सोडून देते, ही दुसरी. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्यापैकी खोडतात, म्हणून उत्तर फार चुकत नाही. तरी खरा मार्ग असा, की थांबलेली मोटार हा एक ठरावीक इम्पिडन्स मानावा (इथे दर फेजला सुमारे ०.६१ ओहम), त्याच्या मालिकेत केबल ठेवावी आणि केबलच्या मागे डीपी ठेवावी. डीपी विसरणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

आपल्याकडच्या वितरण रोहित्राचा विनाभार दाब ४३३ व्होल्ट असतो आणि १०० केव्हीएच्या रोहित्राचा इम्पिडन्स ४.५ टक्के, तोही बहुतांश रिअ‍ॅक्टन्स. ९५ च्या केबलसह सगळी साखळी मांडली की चित्र असे दिसते. मोटार सुरू होताच करंट ३१५ अँपिअर. डीपीच्या टोकालाच दाब ४३३ वरून ३८७ वर येतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला, मोटारीपाशी, ३३५ उरतात. म्हणजे ४६ व्होल्ट डीपीने खाल्ले आणि ५२ केबलने. केबलला दोष देणाऱ्याला निम्मा गुन्हेगार दिसतच नाही.

३३५ व्होल्ट म्हणजे ४१५ च्या ८१ टक्के. मोटारीचा टॉर्क दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे तो ६५ टक्के उरतो. सेंट्रिफ्युगल पंपाला सुरुवातीला टॉर्क कमीच लागतो, म्हणून मोटार बहुधा फिरते. अडचण येते ती स्टार्टरमध्ये. आयईसीच्या मानकानुसार कॉन्टॅक्टरने कॉइलच्या ठरावीक दाबाच्या ८५ टक्क्यांवर ओढून धरलेच पाहिजे, आणि दाब ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आल्यावर त्याने सोडले पाहिजे. ८१ टक्के हा आकडा या दोन सीमांच्या मध्ये आहे. आधीच ओढलेला कॉन्टॅक्टर इथे धरून राहील. पण उन्हाळ्यात सगळ्या गावाचे पंप एकदम चालू असतात आणि अकरा केव्हीची लाइन ९ टक्क्यांनी खाली येते, तेव्हा मोटारीपाशी ३०५ व्होल्ट, म्हणजे ७३.५ टक्केच उरतात. हा आकडा ७५ च्या खाली असल्याने कॉन्टॅक्टर सोडू शकतो. सोडताच करंट थांबतो, दाब पूर्ववत होतो, कॉइल पुन्हा ओढते, पुन्हा दाब कोसळतो. ही ती खडखड. प्रत्येक खडखडीत संपर्कबिंदूंवर ठिणगी उडते, आणि शेवटी ते चिकटतात तरी किंवा जळतात तरी.

म्हणून निदानाची रीत सोपी आहे. मोटार बंद असताना डीपीवर मोजलेले व्होल्टेज काहीच सांगत नाही. कमाल-किमान नोंदणारा मीटर मोटारीच्या टर्मिनलवर लावावा आणि सुरू होतानाचा नीचांक वाचावा. जमल्यास त्याच वेळी दुसरा मीटर डीपीवर ठेवावा. दोन आकड्यांतला फरक केबलचा, आणि डीपीवरची घट डीपीची व तिच्यामागच्या लाइनची.

आता उपाय. केबल २४० ची केली तर अ‍ॅल्युमिनियम अडीचपट लागते, आणि नेहमीच्या लाइनवर मोटारीपाशी ३३५ ऐवजी ३५४ व्होल्ट मिळतात, म्हणजे ८५ टक्के. एवढ्या खर्चाला साडेचार टक्क्यांचा लाभ. तीच ९५ ची केबल ठेवून स्टार-डेल्टा लावला, तर लाइनमधला करंट तृतीयांश होतो, आणि स्टारमध्ये असताना मोटारीपाशी ३९६ व्होल्ट टिकतात. लाइन खाली असतानाही ३६१, म्हणजे ८७ टक्के. कॉन्टॅक्टरचा प्रश्न सुटला.

किंमत मोजावी लागते ती टॉर्कमध्ये. स्टारमध्ये टॉर्कही तृतीयांश होतो, आणि कमी दाबाच्या दिवशी तो थेट सुरुवातीच्या टॉर्कचा चौथा हिस्साच उरतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केलेला सेंट्रिफ्युगल पंप एवढ्यावर वेग घेतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर मोटार मधल्याच वेगावर अडकते, टायमर तिला तशीच डेल्टात टाकतो, आणि जो झटका टाळायला स्टार-डेल्टा आणला तोच झटका बसतो. म्हणून डीओएलचा हिशेब स्टार-डेल्टा असतानाही करावा. अक्षीय प्रवाहाच्या पंपांना व्हॉल्व्हचा हा नियम लागू नाही. बंद व्हॉल्व्हवर त्यांना उलट जास्त शक्ती लागते.

स्टार्टर कुठे बसवायचा, हाही याच हिशेबाचा भाग आहे. मोटारीजवळ बसवला तर लांब केबल एकच पुरते, पण कॉइलला शेवटच्या टोकाचा दाब मिळतो. डीपीजवळ बसवला तर कॉइल सुखी, पण स्टार-डेल्टासाठी सहा तारा चारशे मीटर न्याव्या लागतात.

या पुस्तकाची प्रकरणे याच क्रमाने रचली आहेत : आधी मोटार आणि तिचा सुरुवातीचा पॉवर फॅक्टर, मग डीपी, आणि केबल सर्वांत शेवटी. केबल शेवटी घेण्याचे कारण वाचकाला आता दिसले असेल. वरच्या उदाहरणात ९५ ची केबल आरंभीही बरोबर होती आणि अखेरीसही बरोबरच ठरली. मधल्या सगळ्या तक्रारी तिच्या दोन्ही टोकांना जे बसवले होते त्यांच्या होत्या.