वाढीव मंजुरी (कॅशलेस आरोग्यविमा)

वाढीव मंजुरी : भारतातील कॅशलेस आरोग्यविम्यात रुग्ण दाखल असतानाच पहिल्या मंजुरीची रक्कम अपुरी पडू लागली, तर रुग्णालय विमा कंपनीकडे किंवा तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे पुढची रक्कम मागते. रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर या मागणीला ‘एन्हान्समेंट’च म्हणतात. पहिली मंजुरी दाखल होतानाचे निदान आणि खर्चाचा अंदाज पाहून दिलेली असते, बरेचदा अंदाजाहून कमीच. ती दाव्याची कमाल मर्यादा नव्हे. मर्यादा ठरते शिल्लक विमा रकमेने आणि पॉलिसीच्या अटींनी. त्यामुळे बिल वाढले एवढे कारण पुरत नाही. प्रकृतीत काय बदलले, ते कागदावर दाखवावे लागते.

समजा, पाच लाखांची पॉलिसी असलेला रुग्ण न्यूमोनियासाठी दाखल झाला. पाच दिवसांचा अंदाज १,२०,००० रुपयांचा, पहिली मंजुरी ६०,०००. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन खालावून त्याला आयसीयूत हलवले आणि चौथ्या दिवशी बिल ९५,०००वर गेले. डेस्कने नुसते अंतरिम बिल पाठवले, तर ‘आयसीयू कशासाठी, अजून किती दिवस?’ अशी क्वेरी येणारच. डॉक्टरांची टीप, हलवण्याआधीच्या व नंतरच्या ऑक्सिजनच्या नोंदी, एक्स-रे आणि पुढच्या खर्चाचा अंदाज सोबत असला, तर तो प्रश्न उरत नाही. मंजुरी आली, तरी पत्रातला आकडा नव्याने दिलेला आहे की आधीचे ६०,००० धरून एकूण, हे वाचून घ्यावे लागते. नातेवाइकांचा हिशेब बहुधा इथेच चुकतो.

अंतिम बिल शेवटी तपासलेच जाते, मग मधल्या मागणीचा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. विमा नियामकाच्या २९ मे २०२४च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती आल्यापासून तीन तासांत डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची असते. आक्षेपाला बळ आहे, पण अर्धेच. तिसऱ्या दिवसाबद्दलची शंका डिस्चार्जच्या दिवशी निघाली, तर उत्तर देणारे डॉक्टर शस्त्रक्रियेत असू शकतात. शिवाय खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली जात असल्याचे मधेच कळले, तर खोली बदलता येते. शेवटी कळले, तर फरक भरण्यावाचून गत्यंतर नसते. कंपन्या मुद्दाम थोडे थोडे देतात, ही तक्रारही सर्वस्वी निराधार नाही. मात्र पहिला आकडा लहान असल्याचा चटका बसतो तो रुग्णालय मधल्या काळात डिपॉझिट मागते तेव्हा, आणि मागणी रक्कम संपण्याआधी गेली तर तो बराच टळतो.

वाढीव रक्कम नाकारली गेली, म्हणजे दावाच फेटाळला असे होत नाही. बिल भरून, मूळ कागदपत्रे जोडून परतफेडीचा दावा करता येतो. मात्र विमा रक्कमच संपली असेल, तर कितीही भक्कम टीप असली तरी उपयोग नसतो. रक्कम पुन्हा भरून देणारी सोय पॉलिसीत असली, तरी ती त्याच दाखल-काळात वापरता येईल की नाही, हे त्या पॉलिसीच्या शब्दांवर ठरते.